काकांचा टीव्ही: एका रविवारचा हिशेब

सकाळी ९. सेलमधला टीव्ही घेऊन द्यायला काकांनी सांगितलंय. ५५ इंची, फोरके. त्यांना एक सापडलाय, 'फक्त २९,९९० रुपये'. मला दुसरा बरा वाटतोय, तो ३७,९९० चा. काका म्हणाले, "आठ हजार कशाला जास्त मोजायचे गं?"

९.३०. काकांच्या टीव्हीचं पान उघडून खालपर्यंत वाचलं. खरी किंमत ३६,९९०. तीतून कार्डाची सूट १,५०० आणि 'एक्स्चेंजवर ५,५०० पर्यंत' वजा करून २९,९९० छापलेत. 'पर्यंत' या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. साताऱ्याचा पिनकोड आणि जुन्या ३२ इंचीचं मॉडेल घातलं, तर मिळाले १,४००. तेही डिलिव्हरीवाल्याने दारात टीव्ही सुरू करून पाहिल्यावर. पडद्यावर रेघ दिसली तर तेवढेही नाहीत. गल्लीतला दुरुस्तीवाला दोन हजार द्यायला तयार आहे, म्हणून एक्स्चेंज रद्द.

११. काकांना नो-कॉस्ट ईएमआय हवा होता. त्यात व्याजाइतकी सूट आधी देतात आणि तेच व्याज हप्त्यांतून वसूल करतात. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्यालाच पडतो. सहा हप्ते आणि १६ टक्के दर धरला, तर तो सुमारे २९०. शिवाय बँकेचं १९९ प्रोसेसिंग शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणजे जवळजवळ सव्वापाचशे. "मग रोखच," काका म्हणाले.

दुपारी २. जेवणानंतर स्पेसिफिकेशन. जाहिरातीत '१२० मोशन' होतं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, पूर्ण मॉडेल क्रमांक घालून तक्ता काढला: पॅनेल ६० हर्ट्झचं. क्रमांकाचं शेवटचं अक्षरही जुळवावं, कधीकधी तेवढ्यानेच मॉडेल बदलतं. माझ्या पसंतीचाही ६० हर्ट्झचाच, पण तिथे तसं सरळ लिहिलेलं आहे. खरा फरक ब्राइटनेसचा निघाला. काकांच्या टीव्हीला २२० निट्स, दुसऱ्याला ३५०. एचडीआर दोघांवरही छापलंय. पण २२० निट्सचा पडदा एचडीआरचा सिग्नल फक्त स्वीकारतो, तो उजेड दाखवायची ताकद त्यात नसते. काकांच्या हॉलला पश्चिमेला मोठी खिडकी आहे आणि मॅच दुपारीच असते.

४.३०. भिंतीचं ब्रॅकेट. पहिल्यात नाही, तंत्रज्ञ ८०० घेणार. दुसऱ्यात आहे. कार्डाची १,५०० ची सूट दोन्हींवर.

संध्याकाळी ६. फोनवर हिशेब वाचून दाखवला. पहिला: ३६,९९० मधून १,५०० आणि जुन्याचे २,००० वजा, ब्रॅकेटचे ८०० अधिक, म्हणजे ३४,२९०. दुसरा: ३७,९९० मधून १,५०० आणि २,००० वजा, म्हणजे ३४,४९०. आठ हजारांचा फरक दोनशेवर आला होता.

७. दुसरा मागवला.