चार तासांचं अंतर

सकाळी ८:००

ओपीडी उघडायला अजून अवकाश असतो, पण माझं काम वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीपाशी सुरू होतं. पोटविकार विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून मी सगळेच केसपेपर बघते. पण ज्यावर कोलेस्टिरामीन लिहिलेलं असतं, तो आधी उघडते. बाकीच्या औषधांत अर्धा तास इकडेतिकडे झाला तर सहसा बिघडत नाही. या पावडरीत बिघडतं. ही पावडर रक्तात जातच नाही. ती आतड्यात राहते, तिथे समोर येईल ते धरते आणि त्याच्यासकट शौचावाटे बाहेर पडते. म्हणून ती पोटात असताना तिच्यासमोर काय येणार आहे, हे ठरवणं हाच उपचाराचा मोठा भाग.

आज खिडकीजवळच्या खाटेवर पीबीसीच्या एक बाई आहेत. या आजारात लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होत जातात, पित्त साठतं आणि अंगाला खाज सुटते. यांची खाज तळहात-तळपायांना, रात्री वाढणारी, पुरळ नसलेली. कोलेस्टिरामीन सुरू आहे, पण तक्त्यावर वेळ रात्री नऊची आणि शेजारीच त्याच वेळेला अर्सोडीऑक्सीकोलिक आम्लाची गोळी. हे दोन्ही एकत्र नको, कारण ती गोळी स्वतःच एक पित्ताम्ल आहे आणि पावडर तिलाही धरून बसेल. शिवाय रात्रीची वेळच चुकीची. रात्रभर उपाशी असताना पित्त पित्ताशयात साठत राहतं आणि सकाळचा पहिला घास पोटात गेला की ते एकदम आतड्यात उतरतं. पावडर त्या वेळी तिथे हजर हवी. निवासी डॉक्टरांशी बोलून एक पुडी नाश्त्याआधी, एक नाश्त्यानंतर आणि अर्सोची गोळी रात्री असं बदलून घेतलं. खाज कमी व्हायला काही दिवस लागतात, हेही बाईंना सांगितलं. नाहीतर दोन दिवसांत त्या औषध सोडून देतात. पित्तनलिका पूर्णच बंद असेल, तर मात्र या पावडरीचा काही उपयोग नाही. आतड्यात पित्त पोचतच नसेल तर ती धरणार काय?

सकाळी ९:४५

ओपीडीत बारामतीकडच्या एक काकू आणि त्यांचे यजमान. काकूंना इलियोसीकल टीबी झाला होता. लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्या आतड्याची सुरुवात जिथे जुळते, तिथला टीबी आपल्याकडे चांगलाच ओळखीचा आहे. आतडं आवळलं, ऑपरेशन झालं, इलियमचा सुमारे ४० सेंटिमीटर भाग काढावा लागला. टीबी बरा झाला, पण त्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा पाण्यासारखं शौचास होऊ लागलं. सकाळी खाल्लं की धावायचं. स्टूल तपासणीत काही नाही, कोलोनोस्कोपी स्वच्छ. एसटीत बसायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून उपाशी, असं आयुष्य होऊन बसलं होतं.

कारण त्या कापलेल्या भागातच होतं. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती अन्नातल्या चरबीच्या पचनाला मदत करतात आणि काम संपल्यावर सुमारे ९५ टक्के इलियमच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन परत लिव्हरकडे जातात. तीच पित्ताम्लं दिवसभरात अनेक फेऱ्या मारतात. काकूंच्या इलियमचा नेमका तोच भाग गेला. न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोचतात, तिथे पाणी सुटतं आणि जुलाब होतात. कोलेस्टिरामीन हे एक रेझिन आहे. त्याच्या कणांवर क्लोराइड असतं, ते सोडून देऊन त्या जागी ते पित्ताम्ल पकडतं. पकडलेलं पित्ताम्ल मोठ्या आतड्याला त्रास देऊ शकत नाही. रोज ४ ग्रॅम रेझिनची एक पुडी सुरू झाल्यापासून काकूंचं शौचास जाणं दिवसाला दोनवर आलं आहे.

मग आज त्या का आल्या? कारण टीएसएच. काकूंना थायरॉइड आहे, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं चालू, टीएसएच नेहमी ३ च्या आसपास. पावडर सुरू झाल्यावर दोन महिन्यांनंतरच्या रिपोर्टात १४. थकवा, अंग जड, गावच्या डॉक्टरांनी गोळी १०० ची करा म्हणून चिठ्ठी दिलेली.

"काकू, सकाळी उठल्यापासून कधी काय घेता, ते क्रमाने सांगा."

"साडेसहाला उठते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी असते ना? मग पावडर पण तेव्हाच घेऊन टाकते, एकदम उरकतं."

"आणि नाश्ता?"

"साडेनऊला. ह्यांचं आवरल्यावर."

म्हणजे गोळी आणि पावडर हातात हात घालून पोटात जात होत्या. पावडरीने थायरॉक्सीन धरलं आणि बाहेर नेलं. डोस वाढवला असता तर रिपोर्ट कदाचित सुधारला असता. पण ज्या दिवशी पावडर बंद होईल किंवा वेळा बदलतील, त्या दिवसापासून तीच १०० ची गोळी पूर्ण शोषली जाऊन छातीत धडधड सुरू झाली असती. आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळी ७५ चीच ठेवली. पावडर साडेनऊला नाश्त्याबरोबर, म्हणजे पित्त उतरतं तेव्हाच. जेवण संध्याकाळी साडेसातला आणि थायरॉइडची गोळी रात्री साडेदहाला, पोट हलकं झाल्यावर. पुन्हा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. इलियम गेल्यामुळे बी-१२ चं इंजेक्शन त्या घेतातच; ते आतड्यातून जात नाही, म्हणून त्याची वेळ कशीही चालते.

ग्लासही एकदा समोर करून दाखवला. अर्धा-पाऊण ग्लास पाणी, त्यावर पावडर पसरून टाकायची आणि मिनिटभर तशीच भिजू द्यायची. मग ढवळायची. ती विरघळत नाही. बारीक वाळूसारखी तरंगत राहते, म्हणून ढवळल्या ढवळल्या प्यायची. तळाशी उरलेली थोड्या पाण्यात हलवून तीही प्यायची. कोरडी तोंडात कधीच टाकायची नाही, घशात अडकते. तोंडात घोळवत, घुटक्याघुटक्याने पिणंही नको, दातांच्या एनॅमलला इजा होते. यजमानांनी विचारलं, ताकात चालेल का? पातळ ताकात चालेल. सोड्यात नको, फेस येतो.

दुपारी १२:१५

दुसरे रुग्ण. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे यांचं लहान आतडं बरंच काढलंय, डिस्चार्ज कार्डावर १५० सेंटिमीटर लिहिलंय. जुलाब काकूंसारखेच, म्हणून कुठेतरी हीच पावडर सुरू केली गेली आणि जुलाब वाढले. मी शौचाचा रंग-रूप विचारते. लाजतात, पण सांगतात. तेलकट, फिकट, तरंगणारं, भांड्याला चिकटणारं, दुर्गंधी. वजन उतरलेलं.

इथे गणित उलटं आहे. साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा कमी इलियम गेलं, तर लिव्हर जादा पित्ताम्लं बनवून तूट भरून काढतं आणि त्रास होतो तो सांडणाऱ्या पित्ताम्लांचा. त्याहून जास्त गेलं तर लिव्हरलाही झेपत नाही. चरबी पचवायलाच पित्ताम्लं पुरत नाहीत, ती न पचता बाहेर पडते. उरलीसुरली पित्ताम्लंही पावडरीने धरली तर हाल वाढणारच. यांची पावडर डॉक्टरांनी आजच बंद केली आणि जेवणातली चरबी कमी करायला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. एकाच तक्रारीवर एकाला तेच औषध तारतं आणि दुसऱ्याला बुडवतं. म्हणून किती आतडं काढलं, हा आकडा लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड मला औषधांच्या पिशवीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

दुपारी ३:००

हृदयरोग विभागातून बोलावणं. तिशीच्या आतली एक मुलगी, घराण्यातच एलडीएल फार जास्त, वडिलांना तरुणपणीच अटॅक. तिला आता मूल हवंय, म्हणून स्टॅटिन बंद केलंय. अशा वेळी ही जुनी पावडर उपयोगी पडते, कारण ती रक्तातच जात नाही, बाळापर्यंत पोचत नाही. पित्ताम्लं बाहेर गेली की लिव्हरला नवी बनवायला कोलेस्टेरॉल लागतं. ते मिळवायला लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेणारी ग्राहकं वाढवतं आणि एलडीएल साधारण १५ ते २५ टक्के उतरतं. १९८४ साली अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला, त्यात याच कोलेस्टिरामीनने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी झाले होते. स्टॅटिन येण्याआधीचा तो फार मोठा पुरावा होता. पण तिथे ठरवलेला डोस दिवसाला २४ ग्रॅम, म्हणजे सहा पुड्या होता, आणि तेवढ्या रोज पिणं किती अवघड आहे हे पिणाऱ्यांनाच ठाऊक.

तिचे ट्रायग्लिसराइड्स आधी बघितले. ते ४०० च्या पुढे असते तर पावडर नको म्हटलं असतं, कारण हे औषध ते आणखी वाढवतं. तिचे १३० आहेत. फॉलिक अॅसिडची गोळी पावडरीपासून लांब ठेवायला सांगितली. ही पावडर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही धरू शकते. गरोदरपणात ते प्रसूतितज्ज्ञांच्या लक्षात राहावं म्हणून तिच्या फाइलवर ठळक लिहून दिलं.

संध्याकाळी ४:३०

फोनची वेळ. बहुतेक फोन पोटाचेच. काकूंसारख्यांना पावडरीने आराम पडतो. कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्यांना तीच बद्धकोष्ठ आणते. पोट फुगतं, गॅस होतो, मळमळतं, जुनी मूळव्याध डोकं वर काढते. आजचे आजोबा सांगतात की पहिल्याच दिवशी दोन पुड्या सुरू केल्या आणि तीन दिवस पोट साफ नाही. उलटी? नाही. पोटात कळा? नाही. वारा सरतोय? हो. मग दोन दिवस थांबा, डॉक्टरांना कळवते; पुन्हा सुरू करताना अर्धी पुडी, दर आठवड्याला थोडी वाढ, पाणी भरपूर आणि सोबत इसबगोल. इसबगोलाने हा त्रास बराच कमी होतो. उलटी होत असती, पोट टणक झालं असतं किंवा वारा सरत नसता, तर मी त्यांना फोन ठेवून तडक कॅज्युअल्टीत यायला सांगितलं असतं.

हा त्रास अगदीच सोसत नसेल तर कोलेसेवेलाम हा पर्याय आहे. ६२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला सहा, जेवणाबरोबर. पोटाला हलक्या, साखरही थोडी उतरवतात, पण आकाराने मोठ्या आणि महाग.

संध्याकाळी ६:००

निघण्याआधी उद्याच्या केसपेपरवर वेळा लिहून ठेवते. वॉरफेरिन, डिगॉक्सिन, थायरॉक्सीन यांवर लाल खूण. बाकीची औषधं पावडरीच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर, हा ढोबळ नियम. थायरॉइडच्या गोळीला मात्र दोन्ही बाजूंनी चार तास.

तुमच्या घरी कुणाची ही पावडर चालू असेल, तर पुढच्या भेटीला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, आणि प्रत्येक औषध किती वाजता घेता ते एका कागदावर लिहून आणा. थायरॉइडचा किंवा रक्त पातळ करण्याचा रिपोर्ट बिघडला, तर डोस वाढवण्याआधी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं किंवा न लागता अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका.