नाण्याचा भाव आणि सोन्याचा भाव

दसऱ्याला किंवा पाडव्याला एक ग्रॅमचं नाणं घेणारे पुष्कळ असतात. पेढीवरच्या फळ्यावर भाव एक लिहिलेला असतो, बिलात आकडा दुसराच येतो. हा वरचा पैसा म्हणजे सरसकट लूट नव्हे. त्यातला काही भाग खऱ्या कामाचा असतो, काही सरकारचा आणि काही दुकानदाराच्या मर्जीचा. आपल्याला घासाघीस करता येते ती फक्त तिसऱ्या भागावर.

खऱ्या कामाचं आधी बघू. सोनं शुद्ध करायचं, पत्रा काढून चकत्या पाडायच्या, प्रत्येक चकती वजनाला नेमकी उतरवायची, ठसा मारायचा, कस तपासायचा आणि प्रमाणपत्रासह सीलबंद करायचं. यातली बरीच मेहनत एक ग्रॅमला आणि दहा ग्रॅमला जवळपास सारखीच लागते. समजा, नाण्यामागे हा खर्च ५०० रुपये आला आणि सोनं ग्रॅमला १०,००० रुपये आहे (हिशेबासाठी भाव गोल धरलाय). एक ग्रॅमच्या नाण्यावर हा बोजा ५ टक्के झाला, दहा ग्रॅमच्या नाण्यावर अर्धा टक्का. चांदीत हे फारच बोचतं, कारण धातूच स्वस्त. हजार रुपयांची चांदी असलेल्या नाण्यावर घडणावळ आणि डबीचे ३०० रुपये लागले, तर ३० टक्के तिथेच गेले. भेट द्यायला ते नाणं छान आहे, पण चांदीत पैसे गुंतवायचे असतील तर मोठ्या वजनाची वीटच घ्यावी असं मला वाटतं.

त्यावर ३ टक्के जीएसटी. तो नुसत्या धातूवर नाही, घडणावळ धरून होणाऱ्या पूर्ण किमतीवर लागतो आणि नाणं विकताना घरगुती ग्राहकाला तो परत मिळत नाही.

आता उरलं दुकानदाराचं. इथे ‘घडणावळ शून्य’ ही पाटी सगळ्यात जास्त फसवते, कारण घडणावळ सोडली तरी भाव चढवता येतो. म्हणून दुकानाचा फळा बाजूला ठेवून, मुंबईची ‘इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन’ रोज जाहीर करते तो भाव हाताशी धरावा. त्यात जीएसटी आणि घडणावळ नसते. मग प्रत्येक पेढीला एकच प्रश्न: सगळं धरून हातात नाणं पडेपर्यंत किती?

दहा ग्रॅमचं ९९९ कसाचं नाणं घेऊ. बाजारभावाने त्यातलं सोनं १,००,००० रुपयांचं. पहिला सराफ बाजारभावच लावतो, वर ४ टक्के घडणावळ घेतो. झाले १,०४,०००, जीएसटीसकट १,०७,१२०. दुसऱ्याची घडणावळ शून्य, पण त्याचा भाव ग्रॅमला १०,३५०. झाले १,०३,५००, जीएसटीसकट १,०६,६०५. दुसरा ५१५ रुपयांनी स्वस्त दिसतो.

पण हिशेब इथे संपत नाही. तेच नाणं उद्या मोडायला आणलं तर काय द्याल, हेही दोघांना विचारायचं. पहिला म्हणाला, बाजारभावातून १ टक्का कापू. म्हणजे ९९,००० हातात. दुसरा २ टक्के कापणार, म्हणजे ९८,०००. भाव जागचा हलला नाही असं धरलं, तर पहिल्याकडे ८,१२० रुपयांची खोट येते आणि दुसऱ्याकडे ८,६०५ रुपयांची. घेताना महाग वाटलेला पहिलाच शेवटी स्वस्त पडला. दोन पेढ्यांची तुलना करायची ती या खोटीच्या आकड्याने. कपात कोणत्या भावातून होणार, बाजारभावातून की पेढीच्या स्वतःच्या खरेदीभावातून, हेही तेव्हाच विचारून ठेवावं.

कसाकडेही लक्ष हवं. ९९५ चं नाणं ९९९ च्या भावाने गळ्यात मारलं, तर वरच्या भावाने दहा ग्रॅममागे सुमारे ४०० रुपयांचं सोनं कमी मिळतं. नाण्यावर हा आकडा कोरलेला असतो. नाणं बँकेतून घेतलं तर एक अडचण वेगळीच: बँका आपलं विकलेलं नाणं परत घेत नाहीत. मोडायला सराफाकडेच जावं लागतं, आणि परक्या नाण्यावर तो जास्त कपात करू शकतो. सीलबंद पाकीट फोडलेलं असेल किंवा बिल हरवलं असेल, तर कस पुन्हा तपासण्याचा आग्रहही होतो.

जुन्या नाण्यांना मात्र हा हिशेब पुरत नाही. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के. वरचे पैसे जातात ते वर्षाच्या, टांकसाळीच्या आणि झिजेच्या नावाने, आणि ते पुन्हा वसूल होतात फक्त संग्राहक गिऱ्हाईक भेटला तर; सराफ तो वजनावरच घेणार. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर साल १९४० ते १९४५ मधलं असेल तर आणखी जपावं. या रुपयांत चांदी निम्मीच आहे, आणि राणीछापाच्या भावाने ते घेतले तर धातूतच मार बसतो.