पहिली फी ठरवताना

सांगलीत नुकतेच स्वतंत्र कार्यालय थाटलेल्या एका तरुण सनदी लेखापालाकडे पहिले काम आले ते समाजातीलच एका हळद व्यापाऱ्याचे. ‘घरचाच आहेस, योग्य ती फी सांग,’ व्यापारी म्हणाले. अनुभवाची पुंजी नसल्याने इतरांच्या निम्मी फी सांगण्याचा मोह त्याला झाला. तो आवरून त्याने आधी हिशेब मांडला.

कार्यालयाचा वार्षिक खर्च 3 लाख 60 हजार आणि घरखर्च 4 लाख 80 हजार, एकूण 8 लाख 40 हजार रुपये. अभ्यास, ये-जा व वसुली वगळता फी आकारता येतील असे तास 1,200. म्हणजे तासाला 700 रुपये. पहिल्या वर्षी इतके तास भरणार नाहीत; पण ती तूट पहिल्याच अशिलाच्या माथी मारणे त्याला अनुचित वाटले. जीएसटीची विवरणपत्रे व वार्षिक हिशेब यांना 80 तास, म्हणून फी 56 हजार.

‘त्यापेक्षा वाचलेल्या कराचा दहावा हिस्सा घे,’ व्यापारी म्हणाले. त्याने नम्र नकार दिला. सनदी लेखापाल अधिनियम, 1949 नुसार, मोजके अपवाद सोडता, निष्पत्तीवर अवलंबून असलेली फी घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

मग त्याने दर न उतरवता काम कमी केले. नोंदी पेढीचे मुनीम करतील, तो तपासणी व विवरणपत्रे पाहील. 50 तास, 35 हजार. कामाची व्याप्ती पत्रात लिहिली गेली. स्वतःच्या नवखेपणामुळे लागलेला जादा वेळ आकारायचा नाही, मात्र वहीत टिपायचा, असेही त्याने ठरवले. पुढील वर्षीची फी त्या वहीवरून ठरेल.