एका उजेडात दोन माणसे

कुटुंबाचा मोठा फोटो निघतो, त्यात परगावी असलेला भाऊ नसतो. मग त्याचा कुठला तरी फोटो घेऊन लोक स्टुडिओत जातात: 'याला शेवटी उभा करा.' माणूस कापून बसवणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते दोन वेगळ्या उजेडांना एक करणे. यातला रंग बराचसा दुरुस्त करता येतो. उजेडाची दिशा मात्र जवळजवळ कधीच बदलता येत नाही. म्हणून खरे काम फोटो निवडतानाच होते.

ही कला जुनी आहे. अमेरिकी यादवी युद्धातले सेनापती ग्रँट सिटी पॉइंटच्या छावणीत घोड्यावर बसलेले दिसतात, तो प्रसिद्ध फोटो तीन फोटोंचा जोड आहे. डोके ग्रँट यांचे, घोडा आणि धड मॅक्कूक या दुसऱ्याच सेनाधिकाऱ्याचे, आणि मागचे सैनिक म्हणजे १८६४ साली फिशर्स हिल इथे पकडलेले कैदी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अभ्यासकांनी तिन्ही मूळ फोटो शोधून काढले आणि मगच हे निर्विवाद ठरले.

उजेडाच्या बाबतीत नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. केनेडींच्या हत्येचा आरोप असलेल्या ली हार्वे ओस्वाल्डचा अंगणात बंदूक घेतलेला १९६३चा फोटो खोटा आहे, असे अनेक वर्षे म्हटले गेले. नाकाची सावली सरळ खाली पडते आणि अंगाची तिरपी, हा त्यातला एक आक्षेप. २००९मध्ये हॅनी फरीद या संगणकशास्त्रज्ञाने त्याच्या डोक्याची आणि अंगणाची त्रिमितीय प्रतिकृती करून दाखवले, की एकाच सूर्यामुळे दोन्ही सावल्या अगदी अशाच पडतात.

नजरेपेक्षा पट्टी भरवशाची. सावलीवरचा एक ठळक बिंदू घ्या, उदाहरणार्थ छपराच्या कोपऱ्याची सावली, आणि तो खऱ्या कोपऱ्याशी रेषेने जोडा. अशा तीन-चार रेषा ओढून लांबवल्या की, लेन्सने चित्र वाकवलेले नसेल तर, त्या एकाच बिंदूत मिळतात. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असेल तर हा बिंदू क्षितिजाच्या खाली येतो. नव्या माणसाच्या डोक्याची आणि सावलीच्या टोकाची रेषाही तिथेच पोचली पाहिजे. शेजाऱ्याची सावली तशीच उचलून चिकटवली की नेमकी इथे चूक होते, कारण फोटोत सावल्या समांतर दिसतीलच असे नाही.

एक उदाहरण घेऊ. वाड्याच्या अंगणातला संध्याकाळचा फोटो आहे, ऊन डावीकडून समोरून येते, सूर्य क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर. अशा वेळी सपाट जमिनीवर सावली उंचीच्या पावणेदोन पट पडते. मागे भिंत असेल तर सावली तिच्या पायथ्याशी मोडून वर चढते. भावाच्या फोटोत ऊन उजवीकडून असेल, तर फोटो आरशासारखा उलटवण्याचा मोह होतो. पण मग शर्टाचा खिसा उजवीकडे जातो आणि केसांचा भांगही बाजू बदलतो. साडीतल्या बाईचा फोटो असता तर पदरही उजव्या खांद्यावर गेला असता.

सावलीचा रंग काळा नसतो. तिथे ऊन पोचत नसले तरी निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. जमिनीचा उन्हातला रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने २००, १७०, १४० आणि तिथल्याच एखाद्या खऱ्या सावलीतला ७०, ६६, ६३ आहे असे समजा. सावलीचा आकडा उन्हाच्या आकड्याने भागून २५५ने गुणला की ८९, ९९, ११५ मिळतात. ही निळसर राखाडी छटा 'मल्टिप्लाय' लेयरमध्ये पूर्ण ताकदीने भरली की नवी सावली जुन्या सावल्यांत मिसळते. पायाशी कड तीक्ष्ण ठेवावी आणि दूर जाताना मऊ करत न्यावी. बुटाच्या तळाशी बारीक गडद रेघ नसेल तर माणूस जमिनीवरून उचलल्यासारखा दिसतो.

माणसाचा रंग शेवटी जुळवायचा. अंगणातल्या कुणाच्या तरी उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याचे आणि काळ्या केसांचे आकडे बघावेत, आणि भावाच्या फोटोतले पांढरे-काळे 'कर्व्हज' वापरून तिन्ही रंगांत त्यांच्याजवळ आणावे. त्वचेवरून सुरुवात करू नये, कारण प्रत्येकाचा वर्ण वेगळा. मग चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहावे. रंग गेल्यावरही माणूस वेगळा दिसला, तर चूक उजेडाच्या तीव्रतेत आहे.

ट्यूबलाइटखाली काढलेला चेहरा कितीही रंगवला तरी उन्हातला होत नाही, कारण नाकाची आणि हनुवटीची ठळक सावली त्यात मुळातच नसते. तो चेहरा ढगाळ दिवशी किंवा ओसरीच्या सावलीत काढलेल्या फोटोत मात्र सहज बसतो. म्हणून स्टुडिओत जाताना भावाचा एकच आवडता फोटो नेऊ नका, असतील तेवढे सगळे न्या. घरच्यांचाही सावलीत काढलेला दुसरा फोटो असेल तर तोही बरोबर घ्या.