चौघांचा शिरा अकरा जणांना

व्हॉट्सॲपवर मावशीच्या हातच्या पाककृतीचा फोटो येतो. चार जणांसाठी एक कप रवा, २/३ कप साखर, अर्धा कप तूप, दोन कप दूध-पाणी आणि अर्धा चमचा वेलची. पाहुणे मात्र अकरा.

आकडेमोडीआधी फोटो मोठा करून पाहावा. फोटोतला मजकूर फोनने उचलला की १ १/२ चा ११/२ होऊ शकतो, आणि कागद दुमडलेला असेल तर २/३ हे १/३ दिसतं. शंका आली तर बाकीच्या जिनसांशी ताडून पाहा: कपभर रव्याला १/३ कप साखरेचा शिरा फिका लागतो, दोन-तीन कपांचा तर साखरेचा पाकच होईल.

आता अकरा भागिले चार, म्हणजे पावणेतीन पट. रवा पावणेतीन कप, दूध-पाणी साडेपाच कप, इथवर ठीक. गाडी अडते ती साखरेवर. २/३ ची पावणेतीन पट म्हणजे एक पूर्णांक ५/६ कप, आणि ५/६ चा कप कोणत्याच संचात नसतो. अशा वेळी कप सोडून मिलिलिटरमध्ये यावं. आपल्याकडचा मापाचा कप बहुधा २४० मिलिलिटरचा असतो (तुमच्या कपावरचा आकडा बघाच), मोठा चमचा १५ चा आणि छोटा ५ चा. त्या हिशेबाने २/३ कप म्हणजे १६० मिलिलिटर आणि त्याची पावणेतीन पट ४४०. पावणेदोन कप भरले की ४२० होतात. उरलेले २० म्हणजे एक मोठा आणि एक छोटा चमचा. तूप ३३० मिलिलिटर येतं, म्हणजे सव्वा कप आणि वर दोन मोठे चमचे. हे मिलिलिटर आकारमानाचे आहेत, त्यांना ग्रॅम समजून वजनकाट्यावर साखर तोलू नये.

खरं सांगायचं तर एवढा खटाटोप करायची गरज नाही. बारा जणांचा शिरा करा. तिप्पट केली की २/३ कपाचे सरळ दोन कप होतात, रवा तीन कप, तूप दीड, दूध-पाणी सहा. तीन जणांसाठीही असंच जमतं: पाऊणपट केली की साखर नेमका अर्धा कप.

प्रत्येक गोष्ट मात्र पटीने वाढवायची नसते. वेलची तिपटीने दीड चमचा येते, पण आधी एक चमचा घालून चव बघावी. सहा कपांतलं अर्धा कप पाणी हाताशी राखावं आणि रवा फुलला नाही तरच घालावं. भाजण्याची वेळ घड्याळावर मोजू नका. रव्याचा थर जाड झाल्यावर तळाचा आधी लाल होतो, म्हणून रुंद कढई घ्या, सतत हलवा आणि सगळा रवा एकसारखा खमंग झाल्यावरच उकळतं दूध-पाणी ओता.