परीक्षा चुकवायला घेतलेल्या असाइनमेंटमधून जन्मली झिप फाइलमागची युक्ती. काय आहे हफमन कोड?

गोष्ट १९५१ सालची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रॉबर्ट फॅनो नावाचे प्राध्यापक इन्फर्मेशन थिअरी शिकवत होते. त्यांनी वर्गापुढे दोन पर्याय ठेवले: एकतर फायनल परीक्षा द्या, नाहीतर एक टर्म पेपर लिहा. पेपरचा विषय ऐकायला सोपा होता. कोणताही मजकूर कमीत कमी 0 आणि 1 वापरून कसा लिहायचा?

वर्गातल्या पंचविशीतल्या डेव्हिड हफमनने पेपर निवडला. परीक्षा टळली म्हणून तो खूश होता. एक गोष्ट मात्र फॅनो सरांनी सांगितली नव्हती. हा प्रश्न तोवर सुटलेलाच नव्हता. स्वतः फॅनो आणि या शास्त्राचे जनक मानले जाणारे क्लॉड शॅनन यांनी त्यावर डोकं लावलं होतं, पण दोघांच्या पद्धती सर्वोत्तम उत्तराच्या जवळ जाऊन थांबत होत्या.

हफमनने काही महिने घालवले, हाती काही लागेना. शेवटी नाद सोडून परीक्षेचा अभ्यास करायचं त्याने ठरवलं, आणि नेमकं तेव्हाच त्याला उत्तर सुचलं. १९५२ मध्ये तो पेपर छापून आला. आज कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ग्रीडी अल्गोरिदम शिकताना मुलांना जे असाइनमेंट मिळतं, ते हेच.

आधी प्रश्न समजून घेऊ

आपण एक छोटा मजकूर घेऊ: "मग मगर भरभर सरसर". मगर कुठे निघाली ते सोडून द्या, आपल्याला फक्त अक्षरं मोजायची आहेत. सोयीसाठी शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरायच्या नाहीत. एकूण अक्षरं १३. त्यात र पाच वेळा येतो, आणि म, ग, भ, स प्रत्येकी दोन वेळा.

पाच वेगवेगळी अक्षरं आहेत, म्हणजे प्रत्येकाला सारख्या लांबीचा कोड द्यायचा तर किमान ३ बिट लागतील, कारण २ बिटमध्ये चारच जोड्या होतात. १३ गुणिले ३, म्हणजे ३९ बिट.

पण र पाच वेळा येतोय, मग त्यालाही तीन बिट कशाला? जे अक्षर जास्त वेळा येतं त्याला छोटा कोड द्यावा आणि क्वचित येणाऱ्याला मोठा. कल्पना इतकीच आहे.

अडचण पुढे येते. समजा आपण र ला `0`, म ला `1` आणि ग ला `01` दिलं. आता समोरच्याला `01` मिळालं तर त्याने काय वाचायचं? "रम" की "ग"? दोन्ही बरोबर. गडबड अशी झाली की र चा कोड ग च्या कोडची सुरुवात होऊन बसला. म्हणून नियम असा की कुठल्याही अक्षराचा कोड दुसऱ्या कोणाच्याही कोडच्या सुरुवातीला येता कामा नये. अशा कोडना प्रीफिक्स कोड म्हणतात.

हा नियम पाळायचा सोपा मार्ग म्हणजे झाड काढणं. मुळापासून निघायचं, डावीकडे वळलं की `0`, उजवीकडे वळलं की `1`. अक्षरं फक्त फांदीच्या टोकाला, पानावर बसवायची. पानाच्या पुढे वाटच नसते, त्यामुळे एक अक्षर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही.

राहिला एकच प्रश्न. झाड कसं बांधायचं?

फॅनो वरून निघाले, हफमन खालून

फॅनोंची पद्धत अगदी स्वाभाविक होती. अक्षरं जास्तीकडून कमीकडे मांडायची आणि मधोमध अशी कापायची की दोन्ही बाजूंची बेरीज शक्य तितकी सारखी येईल. मग प्रत्येक तुकडा पुन्हा तसाच कापायचा.

आपल्या मजकुरावर करून बघू. र, म, ग, भ, स ही रांग म नंतर कापली की ७ आणि ६ असे जवळपास सारखे भाग होतात. एकीकडे र आणि म, दोघांना २ बिट. दुसरीकडे ग ला २, भ आणि स ला ३ बिट. एकूण बेरीज १०, ४, ४, ६ आणि ६, म्हणजे ३० बिट. ३९ वरून ३० वर आलो, वाईट नाही.

हफमनने झाड उलट्या टोकाकडून बांधलं. आधी सगळ्यात कमी वेळा येणारी दोन अक्षरं शोधायची, कारण झाडात सगळ्यात खोल तीच जाणार हे नक्की. त्यांची जोडी बांधायची आणि ती जोडी म्हणजे एकच नवं अक्षर आहे असं समजून पुन्हा तेच करायचं.

आपल्या यादीत आहेत ५, २, २, २, २.

- पहिली पायरी: म आणि ग जोडले, गाठ ४ ची. उरले ५, ४, २, २.
- दुसरी पायरी: भ आणि स जोडले, गाठ ४ ची. उरले ५, ४, ४.
- तिसरी पायरी: आता सगळ्यात लहान दोन म्हणजे त्या ४ च्या गाठी. त्या जोडल्या, झाले ८. उरले ८ आणि ५.
- चौथी पायरी: र ची ही ८ शी गाठ. झाले १३, झाड पूर्ण.

आता वरून खाली वाचा. र थेट मुळाला लागून आहे, त्याचा कोड `0`. बाकीचे म `100`, ग `101`, भ `110`, स `111`. र चे ५ बिट आणि उरलेल्या ८ अक्षरांचे प्रत्येकी ३ असे २४. एकूण २९.

फॅनोंपेक्षा एक बिट कमी. पण फरक कशामुळे पडला ते बघा. फॅनोंनी पहिल्याच घावाला समतोल साधला आणि र ला म बरोबर बांधून टाकलं. तिथेच र चा एक बिटचा कोड हुकला. वरचा निर्णय आधी घेतला की खाली काय होणार हे माहीत नसतं. खालून आलं की ही अडचण येत नाही.

पण ग्रीडी म्हणजे घाई नाही का?

ग्रीडी पद्धत म्हणजे समोर दिसणारा सगळ्यात चांगला पर्याय उचलायचा आणि मागे वळून बघायचं नाही. हे नेहमी चालत नाही. समजा १, ३ आणि ४ रुपयांची नाणी आहेत आणि ६ रुपये द्यायचेत. ग्रीडी माणूस आधी ४ उचलेल, मग १ आणि १, अशी तीन नाणी. प्रत्यक्षात ३ आणि ३ अशा दोन नाण्यांत काम झालं असतं.

मग हफमनच्या बाबतीत घाई का चालते? समजा कोणीतरी सर्वोत्तम झाड आणलं, पण त्यात सगळ्यात खोल जागी भलतंच अक्षर आहे आणि सगळ्यात दुर्मीळ अक्षर वर आहे. दोघांची अदलाबदल करा. जास्त वेळा येणारं वर गेलं, कमी येणारं खाली आलं, म्हणजे एकूण बिट कमी झाले किंवा तेवढेच राहिले, वाढले नक्कीच नाहीत. म्हणून सगळ्यात दुर्मीळ दोन अक्षरं तळाशी एकमेकांशेजारी बसवण्यात कधीच तोटा नाही. ती जोडली की यादी एका अक्षराने लहान होते आणि प्रश्न पुन्हा तोच राहतो. असाइनमेंटमध्ये "सिद्ध करा" हे वाक्य असेल तर उत्तराचा गाभा हाच आहे.

कोडमध्ये कसं दिसतं?

पायथनमध्ये हे झाड एवढ्यात बांधता येतं:

```python
import heapq
from collections import Counter

def tree(text):
    heap = [(n, i, ch) for i, (ch, n)
            in enumerate(Counter(text).items())]
    heapq.heapify(heap)
    i = len(heap)
    while len(heap) > 1:
        a = heapq.heappop(heap)
        b = heapq.heappop(heap)
        heapq.heappush(heap, (a[0] + b[0], i, (a[2], b[2])))
        i += 1
    return heap[0][2]
```

यात मधला `i` बिनकामाचा वाटतो, पण तो काढू नका. दोन आकडे सारखे आले की पायथन पुढची गोष्ट ताडून बघतो. एकीकडे अक्षर आणि दुसरीकडे गाठ असेल तर `TypeError` येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. गंमत म्हणजे काही मजकुरांवर तो नीट चालतो, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही.

दुसरी फसगत याहून मजेशीर आहे. फाइल बाइटमध्ये लिहिली जाते, म्हणजे आठ-आठ बिटच्या गठ्ठ्यांत. आपले बिट २९, तेव्हा ४ बाइट म्हणजे ३२ बिट लागणार. उरलेल्या तीन जागी सहसा शून्यं भरतात. आणि आपल्या झाडात `0` म्हणजे र! उलगडल्यावर मजकूर येतो "मगमगरभरभरसरसरररर". शेवटी नको असलेली अक्षरं दिसली की समजायचं, मूळ मजकुरात किती अक्षरं होती हा आकडा फाइलमध्ये ठेवायचा राहून गेलाय.

तिसरी चूक म्हणजे 0 आणि 1 हे अक्षरं म्हणून लिहिणं. मग २९ बिटचे २९ बाइट होतात.

मराठी मजकूर घेतला तर आणखी एक लक्षात ठेवा. आपल्याला "मराठी" तीन अक्षरांचा शब्द वाटतो, पण काना आणि वेलांटी कॉम्प्युटर वेगळे मोजतो, म्हणून पायथनच्या हिशेबाने ती पाच चिन्हं आहेत. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे मगरीची १३ अक्षरं मुळात ३९ बाइट होती, ती ४ बाइटवर आली.

मग एवढा फायदा खरंच होतो?

इथे थोडं थांबायला हवं. समोरच्याला ते ४ बाइट उलगडायचे तर झाडही पाठवावं लागतं, आणि पाच अक्षरं लिहायलाच १५ बाइट जातात. मजकूर एका ओळीचा असेल तर हा खर्च बराचसा फायदा खाऊन टाकतो. पुस्तकाएवढा असेल तर तो जाणवतही नाही.

दुसरी मर्यादा अशी की कोणत्याही अक्षराला एका बिटपेक्षा कमी देता येत नाही. शंभरातली नव्वद अक्षरं र असली तरी प्रत्येक र ला एक बिट जाणारच. शिवाय ही पद्धत एकेक अक्षर सुटं बघते, "भरभर" मध्ये "भर" दोनदा आलंय हे तिला कळत नाही. म्हणूनच झिप फाइलमध्ये आधी असे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधले जातात आणि मग उरलेल्यावर हफमन कोड लावला जातो. जेपेग फोटोतही शेवटची घडी बहुतेक वेळा हीच असते.

हफमनने या पद्धतीचं पेटंट कधी घेतलं नाही. हा प्रश्न आपल्या सरांना सुटलेला नाही हे आधी माहीत असतं, तर तो कदाचित त्याच्या वाटेलाही गेला नसता.