मुलाखतीची धडधड आणि मित्राची गोळी

राज्यसेवेची मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेला कोल्हारचा एक तरुण मागे माझ्याकडे आला. मुलाखतीला तीन आठवडे होते. सराव मुलाखतीत खुर्चीवर बसताच छातीत धडधड होई, हात कापत, तोंडाला कोरड पडे. मित्राने त्याला प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. "त्या दिवशी एक घेतली की झालं ना, डॉक्टर?"

ही गोळी अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम रोखते, त्यामुळे धडधड व थरथर कमी होते, हे खरे. परंतु ती श्वासनलिकाही आकसवू शकते. या मुलाला लहानपणी दमा होता आणि थंडीत अजूनही धाप लागे. त्याने ती घेतली असती, तर मुलाखतीच्या दालनात दम्याचा झटका येण्याचा धोका होता. दमा नसलेल्यांनाही तिने चक्कर येऊ शकते व नाडी मंदावू शकते. म्हणून तपासणीशिवाय ती घेऊ नये.

त्याची नाडी बसल्या जागी ९६ होती. रक्त व थायरॉइडच्या तपासण्या ठीक आल्या. पंडुरोग किंवा थायरॉइडचा विकार असला तरी अशीच धडधड होते. विशेषतः वजन घटत असेल किंवा स्वस्थ बसूनही धडधड होत असेल, तर तपासणी टाळू नये. त्याचे कारण मात्र दिनक्रमात सापडले: रात्री दोनपर्यंत वाचन, सकाळी नऊला उठणे, दिवसात सात-आठ कप चहा.

मुलाखत सकाळची असू शकते, आणि नऊला उठणाऱ्याचे शरीर तेव्हा अर्धवट झोपेत असते. म्हणून उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणायला सांगितली. दहा-बारा दिवसांत तो सहाला उठू लागला. उठल्यावर वीस मिनिटे उन्हात फिरणे, चहा दोनच कप आणि तोही दुपारी दोनच्या आत.

दुसरे औषध सरावाचे. आरशासमोर नव्हे, तर अनोळखी तिघांसमोर, मुलाखतीच्याच कपड्यांत, अर्धा तास. धडधड सुरू झाली तरी उठायचे नाही. पहिल्या काही मिनिटांनंतर ती बहुधा आपोआप ओसरते, आणि हे चार-पाचदा अनुभवले की पुढच्या वेळी कमी होते. मध्येच उठून गेल्यास मात्र भीती पक्की होते. रोज पाच मिनिटे चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा. मुलाखतीत प्रश्न संपला की एक श्वास सावकाश सोडून मग उत्तर. उत्तर येत नसेल, तर "माहीत नाही, सर" म्हणण्याचाही सराव करावा. ओढूनताणून उत्तर देतानाच आवाज जास्त कापतो.

मुलाखतीनंतर तो भेटायला आला. "धडधडलं, डॉक्टर, पण दोन प्रश्नांनंतर विसरलो." गोळ्यांची पट्टी त्याने न फोडता माझ्या टेबलावर ठेवली.